आईबाबांना रोजचा अलार्म लावायला शिकवताना

"काल वाजला, आज वाजलाच नाही, हा फोनच बिघडलाय." ज्यांच्या घरी आईकडे किंवा बाबांकडे साधा अँड्रॉइड फोन आहे त्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणार. फोन बहुतेक वेळा ठीकच असतो. एक तर अलार्म लावताना वार निवडलेले नसतात, त्यामुळे तो एकदा वाजतो आणि आपणहून बंद होऊन बसतो. नाहीतर वार बरोबर निवडलेले असतात पण काल वाजल्यावर आईने तो कायमचाच बंद करून टाकलेला असतो आणि तिला वाटतं की आपण फक्त आवाज थांबवला. म्हणून मी तर म्हणेन लावणं शिकवायला दहा मिनिटं द्या आणि वाजल्यावर काय करायचं हे शिकवायला त्याच्या दुप्पट वेळ द्या, कारण गाडी अडते ती तिथेच.

उदाहरण आमच्या आईचंच घेते. ती डिचोलीला असते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण सकाळ कशी होते तर पोदेराचा भोंपू ऐकू आला की ती पाव घ्यायला धावते, येता येता गॅसवर चहा ठेवते आणि कप तोंडाला लावल्यावर गोळी आठवते. मग तिला रोज सकाळी 6 चा एक अलार्म हवा, रात्री 8:30 ला बीपीच्या गोळीचा एक, आणि शुक्रवारी सकाळी 7 ला म्हापशाच्या बाजाराला निघायचा एक. तीन अलार्म, त्यातले दोन रोजचे आणि एक फक्त आठवड्यातून एकदा वाजणारा. हे तीन जमले की बाकी सगळं त्यातच आलं.

बसण्याआधी तुम्ही करून ठेवायचं

आईला हाक मारायच्या आधी फोन पाच मिनिटं तुमच्याकडे घ्या. त्यात घड्याळाचं अॅप असतंच, नाव Clock, ते पहिल्या पानावर आणून ठेवा, खाली उजव्या कोपऱ्यात अंगठा पोचेल असं, कारण चौथ्या पानावर फोल्डरमध्ये लपलेलं अॅप शोधतानाच माणसाचा उत्साह संपतो. नवीन अलार्मचं अॅप डाउनलोड करून देऊ नका. फोनबरोबर आलेलं घड्याळच बरं, डाउनलोड केलेल्या फुकट अॅपमध्ये जाहिराती येतात आणि आई गोळीच्या वेळी नको त्या ठिकाणी बोट लावून बसते, शिवाय बॅटरी वाचवायच्या नादात काही फोन असली अॅप मागच्या मागे बंद करतात.

मग Clock उघडून जुने अलार्म बघा. कुणीतरी कधीतरी लावलेले पाच-सात तरी सापडतात, ते सगळे आईला विचारून उडवा, यादी कोरी झाली की शिकवायला सोपं जातं.

तिसरी गोष्ट आवाजाची. अँड्रॉइडमध्ये अलार्मचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा आणि व्हिडिओचा वेगळा असतो. बाजूचं बटण दाबून आई जो आवाज वाढवते तो बहुतेक व्हिडिओचा नाहीतर रिंगचा असतो, अलार्मचा आहे तिथेच राहतो. सेटिंगमध्ये जा, आवाजाच्या भागात Alarm volume नावाची पट्टी असेल, ती शेवटपर्यंत सरकवा, सरकवताना नमुन्याचा आवाज ऐकू येतो तो स्वयंपाकघरात जाऊन ऐका, फॅन आणि कुकर चालू असताना. पलंगाशेजारी मोठा वाटणारा आवाज तिथे पोचतोच असं नाही.

आता फोन तिच्या हातात

इथून पुढे फोन तुमच्या हातात यायला नको. "थांब गं, दे मी करते" असं म्हणून तुम्ही घेतलात की तिच्या लक्षात राहतं ते एवढंच की हे काम लेकीचं आहे. बोट तिचं, तोंड तुमचं, आणि हळू.

1. Clock उघडायला सांगा. खाली चार-पाच चित्रं असतात, त्यातलं Alarm लिहिलेलं दाबायचं. उघडल्यावर वेगळंच काही दिसलं, म्हणजे आकडे पळताना दिसले, तर ती स्टॉपवॉचमध्ये गेलीय, घाबरायचं काही नाही, पुन्हा Alarm दाबायचं.

2. खाली अधिकचं चिन्ह आहे ते दाबायचं. मोठं गोल घड्याळ उघडतं.

3. या गोल घड्याळावर आधी तास निवडायचा आणि तास निवडला की ते आपोआप मिनिटांवर जातं. इथे बरेच जण गडबडतात, कारण आई 6 वर बोट ठेवते, उचलते, आणि समोरचे आकडे एकदम बदलून 05, 10, 15 झालेले दिसतात. "माझे 6 गेले खंय?" गेले नाहीत, वरती मोठ्या अक्षरात 6 दिसतोय तो दाखवा. आता 00 दाबायचं. बोट थोडं थरथरलं की 6:00 च्या जागी 6:02 होतं, गोळीला त्याने काही फरक पडत नाही पण आईला पडतो, ती ते नीट करत बसते. त्यापेक्षा डाव्या कोपऱ्यात छोट्या कीबोर्डचं चित्र असतं ते दाबून आकडे सरळ टाइप करायला शिकवा. मला वयस्कर माणसांसाठी हाच रस्ता बरा वाटतो, फोन नंबर डायल करायची सवय त्यांना असतेच.

4. AM की PM. सकाळ म्हणजे AM, दुपारी बारापासून पुढे रात्री बारापर्यंत PM. सकाळी सहाला चूक सहसा होत नाही, होते ती रात्रीच्या 8:30 ला, कारण अलार्म लावताना सकाळ असली तर AM आधीच निवडलेलं असू शकतं आणि तिकडे लक्ष जात नाही. आणि कुणाला दुपारी बाराची गोळी असेल तर तिथे विशेष जपा, दुपारचे बारा म्हणजे 12 PM आणि मध्यरात्रीचे बारा म्हणजे 12 AM, हे शिकलेल्या माणसांनाही उलटं वाटतं. मी अशा ठिकाणी सरळ 12:05 PM लावायला सांगते.

5. OK दाबायचं. दाबल्या दाबल्या खाली एक पट्टी येते आणि जाते, तिच्यात लिहिलेलं असतं की अलार्म अमुक तास अमुक मिनिटांनी वाजेल. ही पट्टी वाचायची सवय लावा, AM-PM ची चूक इथेच पकडता येते. समजा सकाळी 10 वाजता बसून रात्री 8:30 चा लावताय, तर पट्टीत साडेदहा तास दिसायला हवेत. साडेबावीस तास दिसले तर AM राहिलंय, म्हणजे तो उद्या सकाळी साडेआठला वाजणार.

इथपर्यंत झालं की बहुतेक माणसं उठतात. आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार इथूनच सुरू होते, कारण आत्ता लागलेला अलार्म एकदाच वाजणारा आहे.

वारांचे गोल

वेळेच्या खाली सात छोटे गोल दिसतील, प्रत्येकात एक अक्षर. दिसत नसतील तर त्या अलार्मवर किंवा बाजूच्या खाली वळलेल्या बाणावर बोट लावलं की उघडतात. अक्षरं इंग्रजी असतात, S M T W T F S, आणि त्यात दोन S आणि दोन T असल्यामुळे गोंधळ होतो. रोजच्या गोळीसाठी अक्षरं वाचायची गरजच नाही, सातच्या सात गोल एकेक करून दाबायचे, दाबला की गोल रंगाने भरतो. सगळे भरले की अलार्मच्या खाली Every day असं येतं. आईला ते वाचता आलं नाही तरी चालेल, तिने एवढंच बघायचं की एकही गोल रिकामा नाही.

एखादा गोल दोनदा दाबला गेला की तो पुन्हा रिकामा होतो, आणि कळत नाही. बुधवारचा गोल असा सुटला तर अलार्म आठवडाभर नीट वाजतो आणि फक्त बुधवारी वाजत नाही, मग आई म्हणते "कधी वाजतो कधी नाही". असं ऐकलं की आधी विचारा, वाजला नाही तो वार कुठला होता, आणि गोल बघा.

शुक्रवारच्या बाजाराच्या अलार्मला एकच गोल भरायचा, F. तो एकटाच F असतो त्यामुळे सोपा आहे. पण मंगळवार किंवा गुरुवार हवा असेल तर दोन T, त्यातला M च्या लगेच पुढचा तो मंगळवार आणि W च्या पुढचा तो गुरुवार. दाबल्यावर खाली वाराचं छोटं नाव येतं, Tue की Thu ते वाचून खात्री करून घ्यायची. फोनची भाषा मराठी केली तर गोलात र, सो, मं, बु असं येतं आणि हा प्रश्नच राहत नाही. पण भाषा बदलताना घाई नको, आईला इतके दिवस दिसणारं सगळं एकदम बदलतं, तिला विचारून करा आणि करून झाल्यावर व्हॉट्सअॅप तिला पहिल्यासारखं सापडतंय ना ते बघा.

सगळ्या फोनवर हे असंच्या असं दिसेल असं नाही. काही कंपन्यांच्या घड्याळात गोल चकतीच्या जागी आकडे वर-खाली सरकवायचे असतात आणि शेवटी Save किंवा बरोबरची खूण दाबावी लागते, ती न दाबता मागे आलं तर काहीच लागत नाही. काहींमध्ये गोल नसतात, Repeat नावाची ओळ असते आणि तिच्यात Once, Daily, Mon to Fri, Custom असे पर्याय येतात. रोजसाठी Daily, फक्त शुक्रवारसाठी Custom मध्ये जाऊन शुक्रवार. Mon to Fri वर बोट पडलं तर शनिवार-रविवार गोळी बुडते, तेवढं बघा.

नाव आणि सूर

अलार्मला नाव देता येतं, Label किंवा तसंच काहीतरी लिहिलेलं असतं. हे मात्र तुम्ही टाइप करून दिलंत तरी चालेल. "गोळी" एवढंच लिहू नका, दोन गोळ्या असतील तर कुठली ते कळायला हवं. आमच्याकडे "थायरॉइड, चहाच्या आधी" आणि "बीपी, जेवल्यावर" असं आहे. वाजताना हे नाव स्क्रीनवर येतं आणि अर्धवट झोपेत ते फार उपयोगी पडतं.

सूर निवडताना तो फोनच्या रिंगटोनसारखा नको, नाहीतर आई उचलून "हॅलो, हॅलो" करत बसते. बाबांना बहुतेक अभंग हवा असतो. पण अभंगाची सुरुवात तंबोऱ्याने होते, शब्द येईपर्यंत अर्धं मिनिट जातं आणि झोप काही मोडत नाही. सकाळच्या अलार्मला फोनमधलाच एखादा स्पष्ट, पहिल्या क्षणापासून वाजणारा सूर द्या. रात्रीच्या अलार्मला हवा तर अभंग ठेवा, तेव्हा माणूस जागा असतो.

वाजल्यावर काय

आता मुख्य भाग. आत्ताच्या वेळेपासून दोन मिनिटं पुढचा एक अलार्म आईलाच लावू द्या, फोन लॉक करा, टेबलावर पालथा नको, उताणा ठेवा आणि वाट बघा. गप्पा मारा, पण फोनकडे बघत बसू नका, तो अचानक वाजायला हवा.

वाजला की स्क्रीन उजळते आणि दोन गोष्टी दिसतात, Snooze आणि Stop. काही फोनवर ही सरळ बटणं असतात, काहींवर मध्ये एक गोल असतो आणि तो धरून एका बाजूला सरकवावा लागतो. नुसता टिचकी मारून तो थांबत नाही म्हणून आई जोरजोरात दाबत राहते, तेव्हा धरायचं आणि ओढायचं असं हात धरून दाखवा. फोन आधीच उघडा असेल, म्हणजे ती व्हिडिओ वगैरे बघत असेल, तर पूर्ण स्क्रीन येत नाही, फक्त वरती एक पट्टी येते आणि तिच्यातच ती दोन बटणं असतात. हेही एकदा करून दाखवा, कारण रात्री 8:30 ला सिरियल फोनवर चालू असण्याचीच शक्यता जास्त.

Snooze म्हणजे आत्ता गप्प बस, थोड्या वेळाने परत वाज. गुगलच्या घड्याळात हा वेळ 10 मिनिटांचा ठेवलेला असतो, बदलता येतो. Stop म्हणजे आजचं काम संपलं, आता उद्या. आईला नियम असा सांगा की गोळी पोटात गेल्यावरच Stop, तोपर्यंत Snooze. अंथरुणातून Stop केलं की गोळी विसरलीच म्हणून समजा. हा नियम पाळायला सोपा जावा म्हणून फोन उशाशी ठेवण्यापेक्षा गोळीच्या डबीजवळ ठेवलेला चांगला, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं आणि उठल्यावर डबी समोर असते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे यादीत प्रत्येक अलार्मच्या समोर असलेलं ते सरकणारं छोटं बटण. वाजत असताना गडबडीत आई Clock उघडते, अलार्म समोर दिसतो, बाजूचं बटण दिसतं, ती ते सरकवते, आवाज थांबतो. तिच्या दृष्टीने काम झालं. पण त्या बटणाने अलार्मच बंद झाला, उद्याही नाही, परवाही नाही, सगळे गोल भरलेले असले तरीही नाही. म्हणून स्पष्ट सांगा की वाजत असताना यादीत जायचंच नाही, जे काही करायचं ते समोर आलेल्या स्क्रीनवर. ते बटण फक्त गोळी डॉक्टरांनी थांबवली तर. बटण बंद आहे हे ओळखायला सोपं आहे, त्या अलार्मचे आकडे फिकट दिसतात.

दोन मिनिटांचा हा खेळ आई कंटाळेपर्यंत करा. एकदा Snooze, एकदा Stop, एकदा फोन लॉक, एकदा उघडा. मग तो सरावाचा अलार्म उडवून टाका, तो यादीत राहिला तर नंतर गोंधळ.

घड्याळाच्या सेटिंगमध्ये बाजूच्या बटणाने अलार्म थांबवायची सोय पण असते. कानाला बरी वाटते, पण मी ती देत नाही. झोपेत फोन उचलताना मुठीत ते बटण दाबलं जातंच आणि अलार्म कधी थांबला तेही कळत नाही.

कोणी बंद केलाच नाही तर

आई मागल्या दारी असली आणि फोन आत वाजत राहिला तर तो कायम वाजत नाही, गुगलच्या घड्याळात 10 मिनिटांनी आपोआप गप्प होतो आणि वरती चुकलेल्या अलार्मची सूचना ठेवतो. मिस्ड कॉलसारखीच ती बघायची सवय असू दे. हा वेळ घड्याळाच्या सेटिंगमध्ये Silence after नावाने असतो, वाढवता येतो.

दुसऱ्या दिवशी न वाजण्याची उरलेली कारणं

गोल भरलेले, बटण चालू, आवाज पूर्ण, तरी वाजला नाही, तर बहुतेक फोनच बंद होता. बंद पडलेल्या फोनचा अलार्म बहुतेक फोनवर वाजत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री लाइट जाते, फोन चार्जिंगला लावलेला असतो पण चार्ज होत नाही आणि पहाटे बॅटरी संपते. म्हणून चार्जिंग रात्री झोपताना लावण्यापेक्षा संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला, डोळ्यासमोर करून घ्यायचं.

रिचार्ज संपला तर वाजेल का, नेट नसेल तर, नेटवर्क गेलं तर? आई हे विचारणारच. वाजतो. अलार्म फोनच्या आतल्या घड्याळावर चालतो, त्याला कार्ड, नेट, टॉवर काही लागत नाही.

फोन सायलेंटवर असला तरी वाजतो, कारण आवाज वेगळा. पण Do Not Disturb नावाची सोय चालू केली आणि तिच्यात अलार्मला सूट नसेल तर तो गप्प राहू शकतो. साधारणपणे सूट असते, तरी वरती वजाबाकीच्या चिन्हासारखा गोल दिसला तर आत जाऊन एकदा खात्री करा. आणि नातवंडांनी "फोन फास्ट करतो आजी" म्हणून सगळं साफ केलं असेल, सेटिंगमध्ये जाऊन Clock ला Force stop दिलं असेल, तर Clock पुन्हा उघडेपर्यंत अलार्म वाजत नाहीत. उघडून यादी बघितली की झालं.

सायलेंटवरही वाजतो याची दुसरी बाजू म्हणजे रात्री 8:30 ला आई देवळात भजनाला बसलेली असेल तर तिथेही तो पूर्ण आवाजात वाजणार. याला उपाय आहे. वाजायच्या थोडं आधी वरच्या सूचनांमध्ये पुढच्या अलार्मची सूचना येते, तिच्यात Dismiss असतं. ते दाबलं की फक्त आजचा रद्द होतो, उद्याचा तसाच राहतो. वार निवडलेल्या अलार्मला हे चालतं, म्हणून बटण बंद करून ठेवण्यापेक्षा हेच शिकवा. पण मग बीपीची गोळी भजनाला जायच्या आधी जेवून घ्यायची की परत आल्यावर, ते डॉक्टरांना विचारून ठरवा, फोन ते सांगणार नाही.

लांबून बघायचं झालं तर

मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला, असं आपल्याकडे घरोघर आहे. फोनवरून आधी एवढंच विचारा, "आई, अगदी वरच्या पट्टीत छोटं घड्याळ दिसतंय का?" बऱ्याच फोनवर एखादा अलार्म लागलेला असला की ते चित्र दिसतं. ते नसेल तर एकतर सगळे बंद आहेत किंवा फोन ते दाखवत नाही, मग Clock उघडून आकडे गडद की फिकट ते विचारा. तेही जमलं नाही तर व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवायची सोय आहे, पण त्या वेळी पिन किंवा बँकेचं काही उघडायचं नाही असं बजावून सांगा, आणि ही सोय घरचं माणूस सोडून कुणालाही द्यायची नाही.

भिंतीवरची चिठ्ठी

फोनमध्ये फोटो काढून ठेवलेल्या सूचना कुणी बघत नाही. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात, कॅलेंडरशेजारी लावायची. आमच्या घरची ही अशी आहे, नावं आणि वेळा बदलून घ्या:

आई,
घड्याळाचं चित्र दाब, मग खाली Alarm.
नवीन लावायचा तर अधिकचं चिन्ह.
कीबोर्डचं चित्र, मग वेळ लिही. सकाळ AM, दुपार आणि रात्र PM. OK.
सातही गोल रंगव. बाजारासाठी फक्त F.
वाजला की: गोळी घेतली नाही, Snooze. गोळी घेतली, Stop.
वाजत असताना यादीतलं बटण सरकवू नकोस.
रात्री झोपताना: सकाळी 6 चे आकडे गडद आहेत ना ते बघ.

यापेक्षा जास्त लिहू नका. शेवटची ओळ सुरुवातीचे काही दिवस फोन करून विचारा, मग तिचं तीच बघते.

वेळ बदलायची झाली तर

डॉक्टरांनी रात्रीची गोळी 8:30 वरून 9 वर नेली, तर नवीन अलार्म लावायचा नाही. यादीत 8:30 च्या आकड्यांवरच बोट ठेवायचं, तेच घड्याळ उघडतं, 9 करायचं, OK. वार आणि नाव तसेच राहतात. नवीन लावला तर जुना साडेआठलाही वाजतो आणि आई दोनदा गोळी घेण्याची भीती असते, ती कुठल्याही चुकलेल्या अलार्मपेक्षा वाईट. गोळीच बंद झाली असेल तर अलार्म उघडून Delete, किंवा काही फोनवर तो दाबून धरला की कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं. बंद करून ठेवलेले फिकट अलार्म यादीत साठू देऊ नका, त्यातला एखादा आई कधीतरी चालू करतेच. पुढच्या वेळी घरी गेलात की तिच्याबरोबर बसून यादी बघा आणि जे नको आहे ते तिलाच उडवायला सांगा.